चौघांत सारखा वाटा?

‘काकूंच्या आजारपणाचा खर्च आता चौघा भावंडांनी सारखा वाटून घ्यावा. एकावरच भार नको. स्पष्ट बोलतो, राग नसावा.’

नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावाचा असा मेसेज येतो. चाळीस जणांच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर कोणी देत नाही. मग कोणीतरी नमस्काराचे हात टाकतं, धाकट्या जावेचा फोन थोरल्या जावेला जातो आणि खरं बोलणं तिथे सुरू होतं.

चुलतभावाने नाक खुपसलं, असं म्हणणं सोपं आहे. पण त्याच्या म्हणण्यात दोन गोष्टी रास्त आहेत. त्याने बहिणीला वगळलं नाही आणि जो आईजवळ राहतो त्याच्याच गळ्यात सगळं पडू नये, हे त्याला दिसलं. चुकतं ते ‘सारखा’ या शब्दापाशी. ते का, हे कळायला एक नमुन्याचं घर घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. आपापल्या घरचे घालून पाहावेत.

आई 78 वर्षांची, सांगलीत थोरल्याकडे राहते. घर तिच्याच नावावर. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आता वॉकर धरून संडासापर्यंत जाते, तेही कोणी सोबत असलं तर. दिवसा बारा तास सांभाळायला येणाऱ्या मावशींचे 18,000, औषधांचे 4,500, डायपर वगैरेचे 3,500, फिजिओथेरपीच्या बारा खेपांचे 4,800 आणि दूध, फळं, वाढीव वीजबिल धरून 5,200. महिन्याला 36,000 रुपये.

इथेच लगेच चाराने भागायचा मोह होतो. त्याआधी आईचे स्वतःचे पैसे वजा करायला हवेत. वडिलांच्या मागे तिला 15,000 कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, ठेवींचं व्याज 3,000. म्हणजे मुलांनी भरायचे राहिले 18,000. कायदाही याच क्रमाने चालतो. 1956चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा असो की 2007चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा, आईवडिलांना स्वतःच्या मिळकतीतून भागवता येत नसेल तेव्हा मुलांची जबाबदारी सुरू होते. काही घरांत आईचं पासबुक एकाच्या कपाटात असतं आणि उरलेले पूर्ण खर्चाची वाटणी करत बसतात. संशयाची सुरुवात तिथून होते.

आता ते 18,000. चौघांत सारखे वाटले तर प्रत्येकी 4,500. पुण्यात आयटीत असलेल्या दुसऱ्या भावाला महिना 1,20,000 मिळतात. त्याला हे चार टक्केही पडत नाहीत. धाकटा कोल्हापुरात रिक्षा चालवतो, हातात 20,000 येतात. त्याच्या कमाईतला जवळजवळ पाव भाग जातो. दोन महिने तो उसनवारी करून देईल, तिसऱ्या महिन्यात ग्रुपवर येणं बंद करील. मग बाकीचे म्हणतील, आईची काळजीच नाही त्याला.

मिळकतीच्या प्रमाणात वाटून पाहू. थोरल्याला किराणा दुकानातून 40,000 सुटतात, नाशिकला शिक्षिका असलेल्या बहिणीचा पगार 60,000. चौघांची मिळकत मिळून 2,40,000. प्रत्येकाने साडेसात टक्के दिले की 18,000 जमतात. थोरल्याचे 3,000, पुणेकराचे 9,000, बहिणीचे 4,500 आणि धाकट्याचे 1,500. बहिणीचा आकडा दोन्ही हिशेबांत तोच राहतो, त्यामुळे उत्तर तिनेच लिहिलं तर त्यात तिचा स्वार्थ कोणाला काढता येणार नाही.

बहिणीने का द्यायचं, असा सूर अजून निघतो. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1987मध्येच सांगितलं, की विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते. मात्र नवऱ्याची मिळकत बाजूला ठेवून तिची स्वतःची ऐपत हवी. म्हणून या हिशेबात जावयाचा पगार धरलेला नाही. तोच न्याय पुण्याच्या सुनेच्या पगाराला लावायचा. एकीकडे जोडप्याची मिळकत आणि दुसरीकडे एकट्याची, असं चालत नाही.

यापुढची बाजू पैशात मोजायची राहून जाते. मावशी सकाळी आठला येतात, रात्री आठला जातात. रात्री दोनदा आईला उठवून नेणं, ओली चादर बदलणं, पहाटे कूस वळवून देणं, हे थोरली सून करते. 2007च्या कायद्यातल्या ‘मुलं’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. जिच्यावर कायद्याचा बोजा नाही, तीच रात्र जागते. रात्रीची बाई ठेवली तर आपल्या गावी काय लागतं, एवढी चौकशी करा. समजा 15,000. तेवढी रक्कम हे घर दर महिन्याला वाचवतंय आणि ती कोणाच्याच हिशेबात नाही.

यावर ‘ते आईच्या घरात बिनभाड्याने राहतात ना’ हे उत्तर ठरलेलं असतं, आणि ते अगदीच चूकही नाही. पण भाडं वाचतं थोरल्याचं आणि झोप जाते वहिनीची. शिवाय आईला दवाखान्यात नेणं, मावशींनी दांडी मारली की दुकान सोडून धावणं, हेही त्याच घरावर येतं. माझ्या मते थोरल्याचे 3,000 माफ करावेत. मग उरलेल्या तिघांना नऊ टक्के पडतात: पुणेकराला 10,800, बहिणीला 5,400, धाकट्याला 1,800. आणि तीन महिन्यांतून एक आठवडा वहिनीला सुट्टी. त्या आठवड्यात कोणी येऊन राहील, ज्याला जमणार नाही तो रात्रीच्या बाईचे पैसे देईल. घर पुढे कोणाचं, हा प्रश्न या हिशेबात मिसळू नये. तो आईच्या मृत्युपत्राचा विषय आहे आणि तिला विचारूनच सुटायचा.

तर उत्तर असं लिहिता येईल:

‘दादा, तुम्ही विषय काढलात ते बरं झालं, आम्ही टाळत होतो. एकावर भार नको, हे पटलं. फक्त सारखा वाटा सगळ्यांना झेपणार नाही आणि रात्रीचं वहिनी करते ते त्यात येत नाही. आईची पेन्शन वजा करून काय उरतं ते आम्ही चौघं रविवारी फोनवर बसून ठरवतो. आकडे इथे टाकत नाही. काही अडलं तर तुम्हालाच मध्ये घेऊ.’

पगाराचे आकडे चाळीस जणांसमोर न टाकणं महत्त्वाचं आहे. धाकट्याचे 1,800 सगळ्या नात्याने वाचले, तर तो अपमान जन्मभर राहतो. चौघांचा वेगळा ग्रुप करावा, पैसे पाच तारखेच्या आत आईच्या खात्यावर जावेत आणि बिलांचे फोटो त्या ग्रुपवर पडावेत. पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं तर तो खर्च या 18,000मध्ये बसणार नाही. त्यासाठीही हेच प्रमाण आधी ठरवून ठेवावं, कारण अनामत रक्कम भरायच्या खिडकीपाशी उभं राहून वाटण्या होत नाहीत. दर सहा महिन्यांनी आकडे पुन्हा पाहावेत. फिजिओथेरपी थांबेल, मावशींचा पगार वाढेल, कोणाची नोकरी जाईल.

आणि एक काम आत्ताच कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवा. नोव्हेंबरात आईचा हयातीचा दाखला वेळेवर गेला नाही, तर पेन्शन थांबते आणि 18,000ची तूट एका महिन्यात 33,000ची होते.