वरचं दूध द्यावं लागलं तेव्हा

‘पाजत राहा, दूध वाढेल,’ हा सल्ला माझ्या बहिणीला लागू पडला आणि तिचा अनुभव खराच आहे. माझं तसं झालं नाही. बाळ तासन्‌तास अंगावर पीत राही, तरी लंगोट कोरडे राहत. पाचव्या दिवसानंतर बाळाला दिवसरात्रीत सहा वेळा तरी लघवी व्हायला हवी आणि साधारण 2 आठवड्यांत जन्माचं वजन भरून यायला हवं. तसं होत नसेल तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. आमच्या डॉक्टरांनी आधी बाळाची पकड तपासली, मग अंगावर पाजून झाल्यावर पावडरचं दूध वाटी-चमच्याने द्यायला सांगितलं. बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं, म्हणून पाजणं थांबवलं नाही. वरचं दूध शेवटपर्यंत लागलंच, वजन मात्र छान वाढलं.