पडलेल्या लादीची पाठ

पुण्यातील एका इमारतीच्या पश्चिमाभिमुख भिंतीवरून रात्री निखळलेल्या ग्रॅनाइटच्या लादीचे तुकडे दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने आवारात पालथे जुळवून मांडले, तेव्हा अपघाताचा सारा पुरावा त्या पाठीवरच आढळला. साठ सेंटिमीटर रुंद, नव्वद लांब आणि २० मिलिमीटर जाड अशा त्या लादीचे वजन सुमारे २९ किलो. एवढा भार केमिकलच्या पाच गोळ्यांनी तोलला होता, आणि प्रत्येक गोळ्यावर भिंतीच्या गिलाव्याचा एकेक पापुद्रा घट्ट चिकटलेला होता. "केमिकल सुटलं नाही, साहेब, भिंत सुटली," असे तो म्हणाला, आणि त्याचे निदान अचूक होते.

काळा दगड उन्हाने साठ अंशांवर तापतो, मागचे काँक्रीट त्या मानाने थंड राहते. चाळीस अंशांच्या चढउताराने दहा मीटर लांबीचा ग्रॅनाइट तीन मिलिमीटरांच्या आसपास वाढतो, तर नव्या इमारतीचे खांब पहिली काही वर्षे भाराने व आकुंचनाने हळूहळू आखूड होत असतात. लाद्या एकमेकींना भिडवून सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले असतील, तर त्यांना सरकण्यास वावच उरत नाही आणि सारा ताण सर्वांत दुर्बल थरावर, म्हणजे बहुधा गिलावा व काँक्रीट यांच्या संधीवर, एकवटतो. गोळ्यांमधल्या पोकळीत साचणारे पावसाचे पाणी हीच संधी अधिक खिळखिळी करते. सबब, केमिकलच वापरायचे तर ते लवचीक असावे, दातेरी थापीने पूर्ण पाठीवर पसरावे आणि उंच भिंतीवर केवळ त्याच्यावर विसंबू नये.

क्लॅम्पची तजवीज निराळी आहे. स्टेनलेस स्टीलचा कोन काँक्रीटमध्ये बोल्टने आवळतात, त्याची खुंटी लादीच्या कडेतील छिद्रात बसते, खालचे कोन भार पेलतात आणि वरचे तिला केवळ पुढे झुकू देत नाहीत. सांध्यात काही मिलिमीटरांची फट राखून ती सिलिकोनने भरली, की प्रत्येक लादी स्वतंत्रपणे प्रसरण पावते. परंतु खर्च वाचवण्यासाठी जस्त चढवलेले लोखंड वापरले, तर कालांतराने ते गंजून फुगते आणि कड आतून फोडते. कडेवरचा अर्धचंद्राकृती टवका आणि तपकिरी ओघळ दिसताच ती लादी तत्काळ उतरवावी.

त्या भिंतीवरील उरलेल्या लाद्या हातोडीने ठोकून पाहता पुष्कळशा पोकळ वाजल्या. त्याच लाद्या क्लॅम्पवर पुन्हा बसवाव्यात, अशी मालकांची इच्छा होती. परंतु २० मिलिमीटरांच्या कडेत ६ मिलिमीटरांची खुंटी बसवली, तर दोन्ही बाजूंस जेमतेम सात मिलिमीटर दगड उरतो आणि वाऱ्याच्या ओढीने तो उडण्याचा धोका असतो. म्हणून पोकळ वाजणाऱ्या लाद्या उतरवून त्यांच्या जागी ३० मिलिमीटर जाडीच्या नव्या मागवाव्यात, आणि ठणठणीत वाजणाऱ्या जुन्या लाद्यांना दर्शनी बाजूने आरपार छिद्रे पाडून स्टेनलेस बोल्टने काँक्रीटशी जखडावे, असे ठरले.