क्षयाचे सर्वेक्षण काय सांगते, काय सांगत नाही

“दवाखान्यांत नोंदलेले रुग्ण मोजले की आजार किती पसरला आहे ते कळते.”

सरकारी नोंदींत प्रत्येक रुग्णाचे नाव असते, म्हणून हे पटते. पण त्या वहीत दवाखान्याची पायरी चढलेलेच लोक येतात. भारताच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेलेले नव्हते. सर्वेक्षणाची वाट वेगळी असते. आधी चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावे आणि वस्त्या निवडतात, मग तिथल्या १५ वर्षांवरील प्रत्येकाला लक्षणे विचारतात आणि छातीचा एक्स-रे काढतात. दोन्हींपैकी एकात जरी संशय आला तरी थुंकी जनुकीय चाचणीसाठी आणि कल्चरसाठी पाठवतात. एक्स-रे वगळला असता तर सापडलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते, कारण त्यांना सांगण्याजोगे लक्षणच नव्हते. यातून मिळालेले उत्तर असे: प्रौढांमध्ये लाखामागे ३१६ जणांना फुप्फुसाचा क्षय. त्या वेळी किती जण आजारी आहेत, या प्रश्नासाठी क्रॉस-सेक्शनल सर्वेक्षणाइतके सरळ साधन नाही.

“सर्वेक्षणात क्षयरुग्ण कृश आढळले, म्हणजे कुपोषणामुळे क्षय होतो हे सिद्ध झाले.”

हा निष्कर्ष मोहात पाडतो, कारण तो मुळात खरा आहे. उपाशी शरीराची प्रतिकारशक्ती घटते आणि दबून राहिलेले जंतू डोके वर काढतात. पण खरे विधान आणि त्याचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वेक्षकाने वजनकाटा आणि एक्स-रे यंत्र एकाच दिवशी लावले. समोरच्या माणसाचे वजन ४२ किलो भरले आणि थुंकीत जंतू सापडले. तो आधीपासून रोड होता म्हणून क्षय झाला, की सहा महिने क्षय अंगात असल्याने भूक मेली, ताप येत राहिला आणि वजन उतरले? दोन्ही कहाण्यांचा शेवट तक्त्याच्या त्याच एका चौकटीत होतो. एकाच ठिकाणी थांबलेल्या दोन गाड्यांचा फोटो पाहून आधी कोणती आली ते कळत नाही, तसेच हे. लोक कितीही तपासले तरी फरक पडत नाही. नमुना मोठा असला की आकड्यातील योगायोगाचा भाग कमी होतो, क्रम मात्र उलगडत नाही. तीन लाख लोकांचे एकदाच घेतलेले मोजमाप हे शेवटी एकदाच घेतलेले मोजमाप असते.

क्रम ठरवायचा तर आज निरोगी असलेल्यांपासून सुरुवात करावी लागते. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ दरम्यान झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीने तेच केले. क्षयरुग्णांच्या घरातील, स्वतःला क्षय नसलेल्या दहा हजारांवर माणसांचे गट पाडले. एका गटाच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली, दुसऱ्याच्या घरच्यांना दिली नाहीत. रुग्णांना मात्र दोन्हीकडे आहार मिळाला. पुढे दोन्ही गटांवर लक्ष ठेवले. आहार मिळालेल्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी आढळला. इथे अन्न आधी आले आणि आजार नंतर, त्यामुळे वादाला जागा उरत नाही.

“मग सर्वेक्षणाच्याच वेळी ‘वर्षभरापूर्वी वजन किती होते?’ असे विचारून घ्यावे.”

सूचना शहाणपणाची आहे आणि थोडाफार उपयोग होतोही. पण घरात वजनकाटा नसलेल्या माणसाला मागच्या वर्षीचे वजन आठवणार कसे? शिवाय आजारी माणूस आजाराचे कारण शोधत भूतकाळ चाळतो, निरोगी माणसाला ती गरज नसते. त्यामुळे दोघांच्या आठवणी सारख्या विश्वासार्ह राहत नाहीत. क्षय नेमका कधी जडला हे तर रुग्णालाही माहीत नसते. लिंग किंवा रक्तगट यांसारख्या जन्मजात गोष्टींपुरती ही अडचण येत नाही, कारण त्या आजाराआधीच्याच असतात.

“प्रमाण जास्त, म्हणजे नवे रुग्ण जास्त.”

समजा, एका जिल्ह्यात लाखामागे दरवर्षी १०० नवे रुग्ण होतात आणि उपचार उशिरा मिळत असल्याने प्रत्येक जण दोन वर्षे आजारी राहतो. सर्वेक्षणात तिथे २०० सापडतील. शेजारच्या जिल्ह्यात नवे रुग्ण २०० होतात, पण सहा महिन्यांत बरे होतात. तिथे १००च दिसतील. सर्वेक्षणात दिसणारा आकडा नव्या रुग्णांचा आणि आजाराच्या मुदतीचा गुणाकार असतो. रेंगाळणारे रुग्ण हाती लागतात, लवकर बरे झालेले किंवा लवकर दगावलेले निसटतात. म्हणून दोन जिल्ह्यांच्या प्रमाणांची तुलना करण्याआधी तिथे निदानाला किती दिवस लागतात, हे विचारावे लागते.