एक जन्म, दोन तारखा

जनरल विजयकुमार सिंह यांच्या शालान्त प्रमाणपत्रावर जन्मतारीख होती १० मे १९५१. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी किशोरवयात भरलेल्या अर्जात मात्र १० मे १९५०. लष्कराच्या एका शाखेने पहिली तारीख धरली, दुसरीने अर्जातली, आणि दोन्ही नोंदी अनेक दशके शेजारी शेजारी नांदल्या. लष्करप्रमुख झाल्यावर हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १० फेब्रुवारी २०१२ रोजी न्या. लोढा आणि न्या. गोखले यांच्या पीठापुढे जनरलांना याचिका मागे घ्यावी लागली. खरा जन्म केव्हा झाला हा प्रश्न आपल्यापुढे नाही, सेवापुस्तकातील नोंद ग्राह्य धरली गेली ती योग्य की नाही एवढाच आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. पदोन्नतीच्या काळात जनरलांनी १९५० ही नोंद पत्राने मान्य केली होती, हेही त्यांच्या विरोधात गेले. ३१ मे २०१२ रोजी ते निवृत्त झाले.

या प्रकरणाचा धडा सामान्य अर्जदारालाही लागू पडतो. प्रशासन जन्म पाहत नाही, नोंद पाहते. आणि नोंदीवर आक्षेप घेण्यास मुदत असते. केंद्र सरकारी सेवेत मूलभूत नियम ५६ नुसार जन्मतारीख बदलण्याची विनंती सेवेत रुजू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत करावी लागते. पारपत्राबाबतही परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ साली चुकीची तारीख असलेले पारपत्र मिळाल्यापासून पाच वर्षांचीच मर्यादा घातली होती.

तफावतीचे मूळ बहुधा शाळाप्रवेशाच्या दिवशी सापडते. महाराष्ट्रात गुरुजींनी लावलेली १ जून आणि उत्तरेत १ जुलै या तारखांनी कित्येक पिढ्यांचे वाढदिवस ठरवले. आधार नोंदणीत ज्यांना केवळ वर्ष ठाऊक होते, त्यांच्या नावापुढे १ जानेवारी बसली.

अशा वेळी लोक सर्वांत सोपा कागद आधी बदलतात आणि तो म्हणजे आधार. येथेच गफलत होते. आधारातील जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते. ती संधी चुकीच्या तारखेवर खर्च झाली की पुढची वाट खडतर होते. शिवाय आधार हा ओळखीचा पुरावा आहे, वयाचा नव्हे. रोहतकच्या एका अपघात भरपाई प्रकरणात मृताची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर ७ ऑक्टोबर १९७० आणि आधारवर १ जानेवारी १९६९ होती. उच्च न्यायालयाने आधार मानले, त्यामुळे भरपाईचा गुणक १४ वरून १३ वर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेचा दाखला ग्राह्य धरून तो पुन्हा १४ केला.

म्हणून दुरुस्ती मुळापासून शेंड्याकडे जावी. समजा, एका तरुणीचा जन्म नोएडातील रुग्णालयात १२ मार्च २००१ रोजी झाला, जन्मदाखल्यावर तीच तारीख आहे, पण दिल्लीच्या शाळेने १२ मे लिहिली आणि तीच दहावीच्या प्रमाणपत्रावर, पुढे आधार व पॅनवर उतरली. येथे जन्मदाखला बरोबर आहे, तेव्हा त्याला हात लावू नये. शाळेमार्फत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाकडे जन्मदाखल्यासह अर्ज करावा. सार्वजनिक दस्तऐवजाच्या आधारे मंडळाने अशा बदलाचा विचार केला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मधील जिज्ञा यादव निकालात सांगितले आहे. नवे प्रमाणपत्र हाती आल्यावर आधार, मग पॅन आणि शेवटी पारपत्राचा अर्ज.

उलट, चूक जन्मदाखल्यातच असेल तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाकडे जावे लागते. तो मूळ नोंद खोडत नाही, समासात दुरुस्ती लिहितो. राजधानी परिसरात अडचण अशी की हा निबंधक राहत्या पत्त्याचा नसतो, जन्मस्थळाचा असतो. दिल्लीत राहणाऱ्या पण गुरुग्राम वा नोएडात जन्मलेल्या माणसाचे काम अनुक्रमे हरियाणा किंवा उत्तर प्रदेशात असते. रुग्णालयातील प्रसूतीची नोंद तिथेच मिळते; ती आधी मिळवावी.

नोटरीपुढचे प्रतिज्ञापत्र यांपैकी कोणतीही नोंद स्वतःहून बदलत नाही; ते फार तर अर्जासोबतचे एक जोडपत्र आहे. जुन्या पारपत्रावर वेगळी तारीख असेल तर ती लपवून नवा अर्ज करणे हा मात्र पारपत्र कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. तिथे तपशीलबदलासह पुनर्निर्गमन मागावे.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना पारपत्रासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. त्यामुळे नवजात बालकाचा दाखला हाती येताच तारीख, नाव आणि आईवडिलांची नावे रुग्णालयाच्या कागदाशी ताडून पाहावीत. चूक दिसली तर ती शाळाप्रवेशापूर्वी निबंधकाकडे एकाच अर्जात सुटते. नंतर तीच चार कार्यालयांत हिंडवते.