ऑनलाइन चाचणीचे निमंत्रण कसे वाचावे?

नोकरीसाठी अर्ज आल्यावर अनेक कंपन्या मुलाखतीआधी उमेदवाराला ऑनलाइन चाचणीची लिंक ई-मेलने पाठवतात. त्या पत्रात बहुतेकदा दोन वेळा दिलेल्या असतात. लिंक कधीपासून कधीपर्यंत चालू राहील ही पहिली आणि प्रश्न सोडवायला किती मिनिटे मिळतील ही दुसरी. घोटाळा होतो तो या दोन्हींची गल्लत झाल्याने.

समजा, लिंक शुक्रवारी सकाळी १० पासून रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत चालू आहे आणि चाचणी ९० मिनिटांची आहे. उमेदवाराने रविवारी सव्वापाचला सुरुवात केली. काही चाचण्यांत सहाच्या आत सुरुवात केली की पूर्ण ९० मिनिटे मिळतात. काहींत सहाला चाचणी बंदच होते, म्हणजे हाती उरतात ४५ मिनिटे. म्हणून सहा ही सुरू करण्याची शेवटची वेळ आहे की संपवण्याची, हे पत्रात स्पष्ट असायला हवे. नसेल तर आधीच विचारून घ्यावे. कंपनी परदेशातली असल्यास ती वेळ कुठली, हेही पाहावे लागते. यूटीसीनुसार संध्याकाळचे सहा म्हणजे भारतात रात्रीचे साडेअकरा.

एकदा ‘सुरू करा’ दाबले की घड्याळ सहसा सर्व्हरवर चालते. वीज गेली किंवा ब्राउझर बंद झाला तरी ते थांबतेच असे नाही. बऱ्याचदा त्याच लिंकवरून परत आत जाता येते आणि साठवलेली उत्तरेही शाबूत असतात, पण मधली मिनिटे गेलेली असतात. कॅमेरा, माइक आणि इंटरनेट तपासण्याची सोय दिलेली असेल, तर ती आदल्या दिवशीच वापरावी.

नियमांमध्ये कॅमेरा चालू ठेवणे, पूर्ण स्क्रीन न सोडणे, दुसरा टॅब न उघडणे अशा अटी असतात. चाचणीची खिडकी सोडल्याची नोंद होते. अचानक आलेल्या सूचनेवर क्लिक झाले तरी ती होऊ शकते. म्हणून इतर अॅप आधीच बंद करावीत. कच्चे काम करायला कागद किंवा कॅल्क्युलेटर चालेल का, हे पत्रात नसेल तर गृहीत धरू नये.

पत्राच्या शेवटी मदतीचा संपर्क असतो. लिंक न उघडणे, कॅमेरा न चालणे अशा अडचणी चाचणी चालवणाऱ्या संस्थेचा मदतकक्ष सोडवतो. मुदत वाढवण्याचा निर्णय मात्र सहसा कंपनीचा भरती विभाग घेतो. अपंगत्वामुळे जादा वेळ हवा असल्यास ती मागणीही चाचणी सुरू करण्यापूर्वीच या विभागाकडे करावी. अडचण आली की त्याच वेळी नोंदणीचा ई-मेल पत्ता, चाचणीचे नाव, घटनेची वेळ आणि त्रुटीचा स्क्रीनशॉट पाठवावा. एवढ्या तपशिलावरून मदतकक्षाला सर्व्हरवरील नोंद शोधता येते आणि गेलेला वेळ परत द्यायचा का, हे कंपनीला ठरवता येते.