विसरलेला प्रश्न शोधायचा कुठे?

तपासणी संपते, खुर्चीवरून उठता उठता पेशंट म्हणतो, "डॉक्टर, काहीतरी विचारायचं होतं, पण आता आठवतच नाही." मग समोरून पर्यायांची सरबत्ती होते: झोपेचं होतं का? पोट साफ होत नाही? गोळ्या संपल्या? हेतू चांगला असतो, पण कानावर पडलेले शब्दच डोक्यात घोळत राहतात आणि मूळ प्रश्न आणखी मागे जातो. संकोची माणूस तर त्यातल्याच एखाद्याला "हो, तेच" म्हणून सुटका करून घेतो.

बहुतेक वेळा प्रश्न पुसला गेलेला नसतो. तो सुचला घरी, आणि तिथली एकही खूण दवाखान्यात नसते. १९७५ मध्ये गॉडेन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी पाणबुड्यांना शब्द ऐकवले. पाण्याखाली ऐकलेले शब्द त्यांना काठावर कमी आणि पुन्हा पाण्याखाली गेल्यावर जास्त आठवले. म्हणून प्रश्न काय होता, हे विचारण्याऐवजी तो सुचला तेव्हा तुम्ही कुठे होता, हे विचारावं.

समजा, साठीच्या एका काकूंना रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिनची गोळी नुकतीच सुरू झाली आहे.

"काकू, बसा निवांत. विचारायचं असं मनात आलं तेव्हा काय करत होता?"

"संध्याकाळची वेळ होती... देवापाशी दिवा लावत होते."

इथे थांबायचं. पाच-दहा सेकंदांची शांतता समोरच्याला फार लांब वाटते, पण आठवणाऱ्याला ती हवी असते. मग फक्त, "बरं, दिवा लावत होता, आणि?"

"मांडी घालून बसले आणि जोडवी रुतली. हां! पाय सुजतात हो संध्याकाळी."

प्रश्न सापडला, आणि तो महत्त्वाचा निघाला. या गोळीने घोट्याशी सूज येऊ शकते. पण हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारातही पाय सुजतात, त्यामुळे तपासून मगच गोळीचं ठरवावं लागतं. "झोपेचं होतं का?" या वाटेने तिथे पोचायला बराच वेळ लागला असता.

एवढं करूनही नाही आठवलं, तर खोदत बसू नये. ताण आला की आठवणं अधिकच अवघड होतं. "आठवलं की सरळ आत या, पुन्हा नंबर लावायचा नाही," हे काकूंना सांगावं आणि बाहेर कंपाउंडरलाही सांगून ठेवावं. घरी सुचेल तेव्हा तिथल्या तिथे फाइलच्या पाठीवर दोन शब्द लिहायला सांगावं.

कधी मात्र "विसरले" हा नुसता आडपडदा असतो. बोलताना नजर सोबतच्या मुलाकडे वळते, पदर चाळवला जातो. खोकताना लघवी सुटते, हे त्याच्यासमोर कसं सांगणार? अशा वेळी मुलाला गोळ्या आणायला मेडिकलवर पाठवावं आणि तो बाहेर पडला की पुन्हा विचारावं.