शेवटच्या हिशेबाचा कागद

कारखाना सोडणाऱ्या कामगाराच्या हाती पडणाऱ्या शेवटच्या हिशेबात ग्रॅच्युइटी, नोटीस पे, कपातीची भरपाई आणि शिल्लक रजेचा पगार अशा रकमा एकाखाली एक मांडून त्यांची एकच बेरीज दिलेली असते, आणि त्यामुळे ती सारी मालकाने खुशीने दिलेली एक रक्कम आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात यातील प्रत्येक रकमेचा आधार वेगळा, मोजण्याची रीत वेगळी आणि ती गमावण्याचे कारणही वेगळे असते.

उदाहरण म्हणून चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एक लहान कारखाना आणि त्यात १ जुलै २००८ रोजी लागलेला एक यंत्रचालक कल्पावा. काम घटल्याच्या कारणाने ३१ मार्च २०१९ रोजी त्याची नोकरी संपते. त्या वेळी त्याचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये आणि इतर भत्त्यांसह एकूण पगार २४,००० रुपये आहे. सेवा दहा वर्षे नऊ महिन्यांची आहे, परंतु सहा महिन्यांहून अधिक उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने हिशेबात ती अकरा वर्षांची होते.

ग्रॅच्युइटी, म्हणजे कायद्याच्या मराठीत उपदान, हा तेव्हा १९७२ च्या कायद्याने दीर्घ सेवेबद्दल दिलेला हक्क होता; त्यासाठी सामान्यतः सलग पाच वर्षांची सेवा लागते. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट राहत नाही. प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यायचे असते, पण महिना तीस दिवसांचा न धरता आठवडी सुट्ट्या वगळून सव्वीस दिवसांचा धरला जातो. १८,२०० ला २६ ने भागले की रोजचे ७०० रुपये येतात, त्यांना पंधराने व अकराने गुणले की १,१५,५०० रुपये होतात. तीसने भागणारा हिशेबनीस हीच रक्कम १,००,१०० वर आणून ठेवतो, आणि कागदावर भागाकार दाखवलेलाच नसल्याने ही घट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

कपात, म्हणजे शिस्तभंगाच्या शिक्षेखेरीज अन्य कारणाने मालकाने कामगाराला कमी करणे, हा विषय तेव्हा १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाखाली येत होता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली असली तरी पंधरा दिवसांचा पाया कायम आहे. मात्र हे पंधरा दिवस ग्रॅच्युइटीचे नव्हेत. येथे भत्त्यांसह सरासरी पगार धरला जातो आणि मासिक पगारदाराच्या बाबतीत पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. म्हणून १२,००० गुणिले अकरा, म्हणजे १,३२,००० रुपये होतात. त्याशिवाय कारण नमूद करून एक महिन्याची लेखी सूचना द्यावी लागते, आणि ती न देता लगेच कामावरून कमी केले तर त्या महिन्याचा पगार, म्हणजेच नोटीस पे, २४,००० रुपये द्यावा लागतो. या दोन्ही गोष्टी कपातीच्या पूर्वअटी असल्याने पैसे नंतर देण्याच्या बोलीवर केलेली कपात बेकायदा ठरू शकते.

याच कारणाने हिशेबाच्या कागदाबरोबर अनेकदा छापील राजीनामा पुढे सरकवला जातो. स्वतःहून दिलेला राजीनामा कपातीत मोडत नाही. त्यावर सही झाली की वरील यंत्रचालकाची ग्रॅच्युइटी टिकते, पण भरपाई व नोटीस पे मिळून १,५६,००० रुपये हिशेबातून नाहीसे होतात. इतकेच नव्हे, नेमणूकपत्रात तशी अट असेल तर सूचना न देता सोडल्याबद्दल नोटीस पे त्याच्याकडूनच वसूल केला जाण्याची शक्यता असते. एकच शब्द एका कागदावर येणे तर दुसऱ्यावर देणे होतो. दबावाखाली घेतलेल्या राजीनाम्याला आव्हान देता येते खरे, पण दबाव सिद्ध करण्याचा भार कामगारावरच पडतो.

भविष्य निर्वाह निधी, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातला पीएफ, या बेरजेत येतच नाही, कारण तो कामगाराच्या नावे भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे आधीच जमा झालेला असतो आणि नोटीस पेची वसुली मालकाला त्यातून करता येत नाही. कामगाराच्या वेतनातून बारा टक्के आणि मालकाचे सर्वसाधारणपणे तितकेच भरले जातात. तथापि मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के भाग, वेतनमर्यादेच्या अधीन राहून, निवृत्तिवेतन योजनेकडे वळत असल्याने पासबुकातील मालकाची जमा कामगाराच्या जमेपेक्षा कमी दिसते, आणि त्यावरून पैसे बुडाल्याची विनाकारण शंका घेतली जाते. खरी अडचण बहुधा दुसरीकडे असते: नोकरी सोडल्याची तारीख मालकाने खात्यात नोंदवलेली नसते, आणि ती नोंद होईपर्यंत अंतिम रकमेचा अर्ज पुढे सरकत नाही.